राजीनाम्यातली एक तारीख

समजा, रांजणगाव एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यातल्या चौघांनी नोकरी सोडायचं ठरवलं. चौघांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये अट एकच आहे : एक महिन्याची लेखी नोटीस. पहिल्याने २८ जानेवारी २०२६ ला राजीनामा एचआरच्या हातात दिला, दुसऱ्याने २९ ला, तिसऱ्याने ३० ला आणि चौथ्याने ३१ ला. आता सांगा, कोणाचा नोटीस पिरियड कधी संपेल?

चौघांचाही २८ फेब्रुवारीला. पहिल्याला नोटीस दिल्यानंतर ३१ दिवस थांबावं लागलं, चौथ्याला फक्त २८, आणि तरी दोघांनीही ‘पूर्ण एक महिना’ भरला. आता याच रांगेत पाचवा माणूस उभा करू. त्यानेही ३१ जानेवारीलाच पत्र दिलं, पण त्याच्या करारात ‘एक महिना’ऐवजी ‘३० दिवस’ असं लिहिलं आहे. तो सुटतो थेट २ मार्चला. एरवी आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. इथे त्यांच्यात दोन दिवसांचं अंतर पडलं, आणि त्या दोन दिवसांत नव्या नोकरीची जॉइनिंगची तारीख सापडली तर पंचाईत होते.

हा हिशेब कुठल्या एचआर मॅनेजरने बसवलेला नाही. त्याची मुळं फार जुनी आहेत. आपल्याकडच्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात महिन्याची व्याख्या एका वाक्यात आहे : महिना म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना. ही व्याख्या द्यावी लागली, कारण इंग्लंडमध्ये तोवर वेगळाच प्रकार चालायचा. तिथल्या जुन्या न्यायपरंपरेत करारातला ‘महिना’ म्हणजे साधारणपणे चांद्रमास, म्हणजे सरळ २८ दिवस धरला जायचा. करारांपुरता हा अर्थ तिथे कायद्याने बदलला तो १९२५ मध्ये. आपल्याकडे कॅलेंडरचा महिना त्याआधीच कायद्यात येऊन बसला होता. हा अधिनियम मुळात कायद्यांची भाषा समजून घेण्यासाठी आहे. पण दोन पक्षांच्या करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ‘महिना’ मोजण्याची रीत हीच.

याच अधिनियमाच्या कलम ९ मध्ये दुसरी किल्ली आहे. एखाद्या दिवसा‘पासून’ मुदत मोजायची असेल तर तो पहिला दिवस धरायचा नाही. म्हणजे आज पत्र दिलं तर आजचा दिवस शून्य. उद्याचा दिवस पहिला. या दोन गोष्टी एकत्र केल्या की नियम असा तयार होतो : ज्या तारखेला नोटीस पोहोचली, पुढच्या महिन्यातल्या त्याच तारखेच्या मध्यरात्री एक महिना पुरा होतो. १५ जूनची नोटीस १५ जुलैला संपते. आणि पुढच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. ३१ फेब्रुवारी नावाचा दिवस नाही, म्हणून आपले चौघे एकाच रात्री मोकळे झाले.

एका दिवसाचा हा खेळ थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. हिमाचल प्रदेश सरकार आणि हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स यांच्या २०१० च्या खटल्यात लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याची मुदत ‘तीन महिने आणि वर ३० दिवस’ अशी होती. निवाडा सरकारी कार्यालयात पोहोचला १२ नोव्हेंबर २००७ ला, अर्ज दाखल झाला ११ मार्च २००८ ला. मुदत उलटली की नाही, हा वाद. न्यायालयाने सांगितलं की तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत. १२ नोव्हेंबरचे तीन महिने १२ फेब्रुवारीला संपले. त्यापुढचे ३० दिवस मात्र दिवसांनीच मोजायचे, आणि २००८ लीप वर्ष असल्याने ते १३ मार्चला संपले. अर्ज वेळेत होता. एकाच मुदतीत महिने आणि दिवस शेजारी शेजारी होते आणि न्यायालयाने दोन्ही वेगळ्या मापांनी मोजले, ही या निकालातली गंमत.

लंडनमध्ये हेच उलट बाजूने घडलं. डॉड्स विरुद्ध वॉकर या भाडेकराराच्या खटल्यात घरमालकाची नोटीस ३० सप्टेंबर १९७८ ला पोहोचली आणि भाडेकरूला अर्ज करायला चार महिने होते. त्याने अर्ज केला ३१ जानेवारी १९७९ ला. सप्टेंबरचा शेवटचा दिवस, म्हणून जानेवारीचाही शेवटचा दिवस, असं त्याचं गणित. १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की तारीख तारखेला जुळवायची असते, महिनाअखेर महिनाअखेरीला नव्हे. मुदत ३० जानेवारीला संपली होती. अर्ज एक दिवस उशिरा आला, आणि तेवढ्यावर तो बाद ठरला.

आता हे सगळं शिरूर आणि दौंडच्या मातीवर उतरवू. शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंड तालुक्यात कुरकुंभ अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. रांजणगावात घरगुती उपकरणं आणि गाड्यांचे कारखाने, तर कुरकुंभमध्ये मुख्यतः रसायनांचे. एका वसाहतीतून दुसरीत नोकरी बदलणारा माणूस इथे दुर्मीळ नाही. केडगावात घर असलेला माणूस रांजणगावला कामाला असेल, तर त्याला रोज न्हावरा मार्गे शिरूर तालुक्यात जावं लागतं. कुरकुंभचं काम मिळालं तर चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागलं की झालं. असाच एक काल्पनिक मेंटेनन्स सुपरवायझर घेऊ आणि त्याचा राजीनामा तारखेसकट लिहून पाहू.

त्याच्याकडे कुरकुंभच्या कंपनीची ऑफर आली आहे. ‘नोटीस पिरियड किती?’ असं विचारल्यावर त्याने बिनधास्त ‘एक महिना’ सांगितलं, कारण २०२१ च्या अपॉइंटमेंट लेटरच्या कलम १२ मध्ये तसंच आहे : प्रोबेशनमध्ये १५ दिवस, कायम झाल्यावर एक महिना. पण त्याच्या फाइलमध्ये आणखी एक कागद आहे. १ एप्रिल २०२४ ला त्याला बढती मिळाली, त्या पत्राच्या कलम ४ मध्ये नोटीस दोन महिने केली आहे, आणि शेवटी ‘बाकीच्या अटी पूर्वीप्रमाणे’ अशी ओळ आहे. पगाराचा नवा आकडा बघून त्याने त्या पत्रावर सही केली होती. पुढच्या पानावर कोण बघतो!

नोटीस चुकीची लिहिली जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. करार म्हणजे पहिल्या दिवशी मिळालेलं एकच पत्र नसतं. अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन लेटर, बढतीचं पत्र, कधी पगारवाढीचं पत्र, असे सगळे कागद मिळून तो होतो, आणि नोटीसबद्दल सगळ्यात शेवटी मान्य केलेली अट लागू राहते. म्हणून राजीनामा लिहायला बसण्याआधी फाइलमधले कागद तारखेप्रमाणे लावायचे आणि शेवटच्या कागदापासून मागे वाचत जायचं. आपला सुपरवायझर असं वाचत गेला असता, तर कुरकुंभच्या कंपनीला पहिल्याच फोनवर त्याने ‘दोन महिने’ सांगितलं असतं.

हे वाचताना आणखी एक गोष्ट बघायची : पत्र कोणाच्या नावाचं आहे? रांजणगावात कारखान्याच्या गेटमधून रोज आत जाणारे अनेक जण कागदोपत्री ठेकेदाराचे कामगार असतात. त्यांचा राजीनामा ठेकेदाराच्या नावे जायला हवा. ज्याचं नाव अपॉइंटमेंट लेटरवर आणि पीएफच्या पासबुकात आहे, तो आपला मालक. कारखान्याच्या सुपरवायझरच्या हातात दिलेल्या कागदाने ठेकेदाराकडची नोटीस सुरू होत नाही. आणि मशीनवर काम करणाऱ्या कामगारासाठी अपॉइंटमेंट लेटरशिवाय स्थायी आदेशही असतात. १९४६ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत कायम कामगार महिन्याच्या पगारावर असेल तर एक महिन्याची आणि इतरांसाठी दोन आठवड्यांची नोटीस होती. हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत गेटजवळच्या फलकावर लावावेत, असं तो कायदा सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तेव्हा कामगाराने आपल्या कारखान्यात आज कोणते आदेश लागू आहेत, ते टाइम ऑफिसमध्ये विचारून घ्यावं.

पुन्हा सुपरवायझरकडे येऊ. त्याने शनिवारी, १३ जून २०२६ ला रात्री घरी बसून पत्र लिहिलं आणि वर १३ तारीख टाकली. ते एचआरच्या हातात पडलं सोमवारी, १५ जूनला. मग नोटीस कधी सुरू झाली? पत्रावरच्या तारखेला नाही. नोटीस म्हणजे समोरच्याला कळवणं, आणि त्याला ते कळतं १५ जूनला. त्याने १३ जूनवरून मोजून १३ ऑगस्टला घरी बसायचं ठरवलं असतं, तर दोन दिवस कमी पडले असते. उपाय सोपा आहे : पत्रावर तीच तारीख टाकायची ज्या दिवशी ते द्यायचं आहे, दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर ‘मिळाले’ अशी सही, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ई-मेल केला असेल तर त्यावरची वेळच पोचपावतीचं काम करते; पण करारात नोटीस कशी द्यायची ते लिहिलेलं असेल, तर तिथे सांगितलेला मार्गही पाळायचा. टपालाने पाठवायचं झालं तर पूर्वीसारखं वेगळं रजिस्टर करता येणार नाही, कारण टपाल खात्याने २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. पत्र केव्हा पोहोचलं याची नोंद मिळते ना, एवढंच बघायचं.

तर १५ जूनला पत्र पोहोचलं. दोन महिने म्हणजे १५ ऑगस्ट. आणि इथे कॅलेंडरने आणखी एक डाव टाकला आहे : तो दिवस स्वातंत्र्यदिन आहे, कारखान्याला सुट्टी. मग शेवटचा दिवस कोणता? उत्तर दोन आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. सेवेचा शेवटचा दिवस १५ ऑगस्ट, कारण महिने मोजताना साप्ताहिक सुट्ट्या आणि सण वगळले जात नाहीत. त्या दिवसाचा पगारही त्याचाच. पण कामावर येण्याचा, ओळखपत्र, लॉकरची चावी आणि हत्यारं परत करण्याचा शेवटचा दिवस १४ ऑगस्ट. पत्रात नुसतं ‘लास्ट वर्किंग डे’ लिहिलं की या दोन गोष्टी एकात मिसळतात आणि फुल अँड फायनलच्या हिशेबात एक दिवस कुठेतरी हरवतो. करारात ‘६० दिवस’ असतं, तर याच पत्राचा शेवट १४ ऑगस्टला झाला असता : जूनचे १५, जुलैचे ३१, ऑगस्टचे १४. ‘६० कामाचे दिवस’ असतं, तर साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या गेल्या असत्या आणि शेवट आणखी कितीतरी पुढे गेला असता. म्हणून करारातलं माप जसंच्या तसं उचलायचं. ‘महिना’ असेल तर महिना लिहायचं, ‘दिवस’ असतील तर दिवस. स्वतःच्या सोयीने एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं नाही.

आता पत्रातला मुख्य परिच्छेद लिहून बघू :

‘दि. १ एप्रिल २०२४ च्या बढतीपत्रातील कलम ४ नुसार दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन मी मेंटेनन्स सुपरवायझर या पदाचा राजीनामा देत आहे. हे पत्र आज, दि. १५ जून २०२६ रोजी, आपणांस देत आहे. त्यामुळे नोटीसचा कालावधी १५ ऑगस्ट २०२६ रोजी संपेल व तो माझ्या सेवेचा शेवटचा दिवस असेल. त्या दिवशी सुट्टी असल्याने माझ्या प्रत्यक्ष कामाचा शेवटचा दिवस १४ ऑगस्ट २०२६ असेल. या हिशेबात काही फरक असल्यास कृपया लेखी कळवावे.’

पाचच वाक्यं आहेत, पण प्रत्येकाला काम आहे. पहिलं वाक्य अट कुठून आली ते सांगतं, तेही कागदाच्या तारखेसह आणि कलमाच्या क्रमांकासह. दुसरं घड्याळ सुरू करतं. तिसरं ते थांबवतं. चौथं सुट्टीचा घोळ मिटवतं. पाचवं सगळ्यात मोलाचं आहे, कारण पुष्कळ एचआर विभाग पत्र मिळाल्याचा दिवसही मोजतात आणि त्यांच्या हिशेबाने शेवट १४ ऑगस्टलाच येतो. तसं असेल तर ते जूनमध्येच कळलेलं बरं. ऑगस्टमध्ये रिलीव्हिंग लेटर हातात आल्यावर कळून उपयोग नाही.

या पत्रात काय नाही, तेही बघण्यासारखं आहे. ‘तत्काळ प्रभावाने राजीनामा देत आहे’ हे वाक्य नाही. ते लिहून खाली ‘दोन महिने काम करीन’ म्हटलं तर पत्र स्वतःशीच भांडायला लागतं. कंपनीने पहिलं वाक्य धरून आजच हिशेब केला तर पुढच्या पगाराचा वाद उभा राहतो. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे नोटीस धरावी’ असंही लिहिलेलं नाही, कारण त्याने तारीख ठरवण्याचं काम दुसऱ्याच्या हाती जातं.

‘लवकरात लवकर मोकळं करावं’ ही विनंतीही या परिच्छेदात नाही. ती करायला हरकत नाही, फक्त वेगळी करायची : ‘शक्य असल्यास मला दि. ३१ जुलै २०२६ रोजी कार्यमुक्त करावे ही विनंती. ती मान्य न झाल्यास वरील तारीख कायम राहील.’ नोटीस हा आपला हक्क आहे, लवकर सुटका ही समोरच्याची मर्जी. दोन्ही एका वाक्यात कोंबल्या की आपण नोटीस नक्की किती दिली, हेच कोणाला सांगता येत नाही.

कंपनीने ३१ जुलै मान्य केला आणि उरलेल्या दिवसांचे पैसे भरायला सांगितले, तर किती? १ ते १५ ऑगस्ट, म्हणजे १५ दिवस कमी पडले. त्याचा मूळ पगार २४,००० रुपये आणि एकूण पगार ३६,००० रुपये आहे असं धरू. मूळ पगाराला ३० ने भागलं तर दिवसाला ८०० आणि १५ दिवसांचे १२,००० रुपये होतात. ऑगस्टच्या ३१ दिवसांनी भागलं तर ११,६१३. काही ठिकाणी महिन्याचे कामाचे दिवस २६ धरतात, तसं केलं तर १३,८४६. आणि करारात ‘मूळ’ऐवजी ‘एकूण वेतन’ असेल, तर ३० ने भागूनही थेट १८,०००. माणूस तोच, दिवस तेवढेच, आणि रक्कम साडेअकरा हजारांपासून अठरा हजारांपर्यंत हलते, ती फक्त कलमातल्या दोन-तीन शब्दांवर. शिल्लक अर्जित रजा या दिवसांत वळती होईल असं अनेक जण गृहीत धरतात. तेही करारात किंवा कंपनीच्या लेखी मान्यतेत असेल तरच. ही वसुली झालीच, तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. त्याआधी काही वर्षं त्याबद्दलही वाद होता.

पत्र दिलं, पोच मिळाली, आणि तारीख अजून दोन महिने दूर आहे. या मधल्या काळात राजीनाम्याची अवस्था मोठी विलक्षण असते. तो दिलेला आहे, पण अजून घडलेला नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी ७ मे १९७७ ला राष्ट्रपतींना राजीनामा लिहिला आणि तो १ ऑगस्टपासून लागू व्हावा असं म्हटलं. १५ जुलैला त्यांनी तो मागे घेतला. घेता येतो का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला : पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, कारण तोवर पद सुटलेलंच नसतं. भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीतल्या एका अधिकाऱ्याने ४ जानेवारी १९९३ ला दिलेला राजीनामा त्याच दिवशी मंजूर झाला होता, पण त्याला कार्यमुक्त करायची तारीख १५ जानेवारी ठरली होती. त्याने ८ तारखेला तो मागे घेतला, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. पण हा दरवाजा सगळ्यांसाठी सारखा उघडा नाही. २०१९ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका वैमानिकाच्या खटल्यात, जिथे सहा महिन्यांची नोटीस विमानप्रवाशांची गैरसोय टाळण्यासाठी नियमानेच ठेवलेली होती, तिथे न्यायालयाने राजीनामा मागे घेऊ दिला नाही. खासगी कंपनीत तर करार आणि तोवर कंपनीने उचललेली पावलं पाहिली जातात. तरी मुद्दा हातात उरतोच : पत्रात पुढची तारीख स्पष्ट लिहिली असेल, तरच असा प्रश्न उभा तरी राहू शकतो. ‘तत्काळ’ लिहिणाऱ्याला मागे फिरायला रस्ताच नसतो.

राजीनामा कसा लिहावा हे कायद्यानेच सांगितलेलं एक उदाहरण महाराष्ट्रात आहे, आणि ते कारखान्याचं नाही, शाळेचं आहे. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियमाचं कलम ७ म्हणतं की कर्मचाऱ्याने राजीनाम्याचं पत्र दोन प्रतींत तयार करावं, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे रजिस्टर टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी. १९८१ च्या नियमांतला नियम ४० मुदत सांगतो : कायम कर्मचाऱ्यासाठी तीन कॅलेंडर महिने, इतरांसाठी एक. एवढा बारकावा कायद्यात यायला कारण होतं. शिक्षकांकडून नोकरीवर घेतानाच कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करून घ्यायची आणि हवं तेव्हा त्यावर तारीख घालायची, हा प्रकार संस्थांमध्ये चालायचा. माणसाची सही खरी, कागद खरा. फक्त तारीख त्याने घातलेली नाही. कायद्याने त्या एका रिकाम्या जागेचा बंदोबस्त दोन प्रती आणि टपालाच्या शिक्क्याने केला. शिरूर-दौंडमधल्या खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला आजही हेच नियम बघावे लागतात, त्याच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये काहीही असलं तरी. रांजणगावातल्या कामगाराला हे कलम लागू नाही. पण दोन प्रतींची रीत त्याने उचलायला काहीच हरकत नाही. आणि कुठल्याही कारखान्याने नोकरी देतानाच तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही मागितली, तर ती कशासाठी मागतात हे आता वेगळं सांगायला नको.

शेवटी हा एक दिवस प्रत्यक्षात कुठे टोचतो, ते बघू. सुपरवायझर १५ ऑगस्टपर्यंत जुन्या कंपनीचा आहे. कुरकुंभच्या कंपनीने त्याची जॉइनिंगची तारीख १५ ऑगस्ट टाकली, तर पीएफच्या नोंदीत त्या एका दिवशी तो दोन कंपन्यांत दिसेल. जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवताना अशा एकमेकांवर चढलेल्या तारखांवरून प्रश्न निघतात आणि मग दोन्ही कंपन्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून नव्या कंपनीला १७ ऑगस्ट, सोमवार सांगावा. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरचं देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवं, तेही १५ ऑगस्टपासूनच मोजलं जाईल. रिलीव्हिंग लेटर हातात आलं की त्यावर १५ ऑगस्टच आहे ना ते तिथेच वाचायचं, आणि काही दिवसांनी ईपीएफओच्या पोर्टलवर `Date of Exit` समोर तीच तारीख चढली का ते बघायचं. जुन्या कंपनीने ती भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती स्वतःच भरता येते. तेव्हा कोणती तारीख टाकायची, असा प्रश्न पडला तर राजीनाम्याची सही-शिक्क्याची प्रत काढायची. तिच्यातलं तिसरं वाक्य उत्तर देतं.